भाचा म्हणतो "मावशी, हा धंदा आहे" : साखळी नेमकी ओळखायची कशी?

नीला_कोपरखैरणे
नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा, वय २३, ऐरोलीला कॉल सेंटरात होता. हातात १९ हजार यायचे. मार्चमध्ये एका मित्राने त्याला "बिझनेस ऑपॉर्च्युनिटी" म्हणून वाशीच्या एका हॉलमध्ये नेलं. परत आला तो टाय लावून. बहिणीने गळ्यातली सोन्याची साखळी गहाण ठेवून १५ हजार दिले, त्याचं "पॅकेज" आलं: दोन डबे प्रोटीन पावडर, व्हिटॅमिनच्या बाटल्या, केसांचं तेल आणि एक सूटपीस. जूनमध्ये नोकरी सोडली.

काल माझ्याकडे येऊन वहीत झाडासारखं चित्र काढून दाखवलं. डावीकडे एक, उजवीकडे एक, त्यांच्या खाली दोन-दोन. एक जोडी झाली की हजार रुपये. मी म्हटलं, अरे ही तर साखळी. तो म्हणाला, "मावशी, साखळी बेकायदेशीर असते. हे डायरेक्ट सेलिंग आहे, यात प्रॉडक्ट आहे." यावर मला उत्तर सुचलं नाही. मी गणिताची शिक्षिका होते, पण धंद्यातलं कळत नाही. प्रॉडक्ट असलं की खरंच फरक पडतो का?

तो चहा प्यायला आत गेला तेव्हा वही उघडीच होती. मागच्या पानावर शंभर नावांची यादी. चौथ्या नंबरवर मी: "नीला मावशी, रिटायर, पेन्शन, ओळखी खूप, नाही म्हणता येत नाही."

टवाळ_ठाणेकर
शेवटचे चार शब्द वाचून खपलो. ताई, तुमचा इतका अचूक अभ्यास तुमच्या मुख्याध्यापकांनीही केला नसेल.

पॉझिटिव्ह_प्रसाद
ताई, गैरसमज काढून टाका. मी स्वतः दोन वर्षं या क्षेत्रात आहे (तुमच्या भाच्याची कंपनी वेगळी असावी). केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियमच काढलेत. म्हणजे हा मान्यताप्राप्त व्यवसाय झाला. कंपनीचं रजिस्ट्रेशन, जीएसटी नंबर, आयडी कार्ड सगळं असेल तर घाबरायचं कारण नाही. पिरॅमिडमध्ये माल नसतो, नुसता पैसा फिरतो. इथे माल आहे. अमेरिकेत तर कोर्टकज्जे होऊन हा प्रश्न कधीच मिटलाय.

आणि नोकरीत तरी काय, वर एक मॅनेजर, खाली चौघे, तोही पिरॅमिडच की.

गोडाऊनवाला
वागळे इस्टेटला माझी एजन्सी आहे, साबण-बिस्किटांची, अठरा वर्षं झाली. प्रसादभाऊ, एक साधी गोष्ट सांगतो.

मला कंपनीने एरिया दिलाय. सावरकरनगर, लोकमान्यनगर, यशोधननगर. उद्या कंपनीने त्याच एरियात दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमला तर मी त्याच दिवशी भांडायला जाईन, कारण माझं गिऱ्हाईक वाटलं जाणार. किराणावाल्याच्या समोर दुसरं किराणा उघडलं की त्याच्या पोटात गोळा येतो. धंदा म्हणजे हे. विकणारे वाढले की माझा वाटा कमी होतो.

आणि तुमच्या हॉलमध्ये काय शिकवतात? ज्याला डबा विकला त्यालाच सांगायचं, तू पण विक. म्हणजे आपलं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने आपला स्पर्धक करायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या. हे ज्याला परवडतं त्याची कमाई डबा विकण्यात नाहीच, हे उघड आहे. त्याची कमाई नवा विकणारा आणण्यात आहे.

मला मार्जिन मिळतं पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. पण एक्स्पायरीचा माल कंपनी क्लेममध्ये परत घेते, आणि माझ्या सेल्समनचा इन्सेंटिव्ह दुकानात माल किती गेला यावर ठरतो. त्याने नवे सेल्समन किती आणले, हे कोणी विचारत नाही.

सुलभा_कळवा
आमच्या बिल्डिंगमध्ये वीस बायकांची भिशी आहे, दर महिन्याला दोन हजार. हे वाचून मिस्टर म्हणतात, बंद करा, पोलीस येतील. त्यात पण साखळीच असते ना? आणि मी टपरवेअरसारखे डबे पण विकते सोसायटीत, ते पण चुकीचं का?

कागदपत्रे
सुलभाताई, भिशी चालू ठेवा, फक्त वही नीट ठेवा. वीस जणी, वीस महिने, प्रत्येकीने भरले ४० हजार आणि प्रत्येकीला मिळाले ४० हजार. एकविसावी बाई आली नाही म्हणून कुणाचे पैसे अडत नाहीत. डब्यांचंही तेच, शेजारीण डबा घेते ते लोणच्यासाठी. तुमच्या खाली जॉइन होण्यासाठी घेत नाही.

आता मूळ प्रश्न. मी नौपाड्यात रिटर्न भरण्याचं काम करतो. दर जुलैमध्ये अशी पाच-सहा पोरं येतात, "सर, टीडीएस कापलाय, रिफंड काढून द्या" म्हणत, त्यामुळे त्यांची कमिशन स्टेटमेंट मी बरीच पाहिली आहेत.

प्रसाद अर्धं बरोबर बोलत आहेत. २०२१ चे नियम आहेत, खरं आहे. पण त्या नियमांनी कुठल्याही कंपनीला परवाना दिलेला नाही. कंपनी रजिस्टर आहे याचा अर्थ कंपनी अस्तित्वात आहे, जीएसटी नंबर आहे याचा अर्थ ती कर भरायला बांधील आहे. तिची योजना कुणी तपासून पास केली, असा अर्थ यातल्या एकाही कागदाचा होत नाही. उलट त्याच नियमांत पिरॅमिड योजना आणि पैसा फिरवण्याच्या योजना चालवायला स्पष्ट मनाई आहे. आणि पिरॅमिडच्या व्याख्येत "माल नसला तर" असं कुठेही लिहिलेलं नाही. एकाने दुसऱ्याला आत आणायचं, त्या आणण्यावर किंवा त्याच्या खालच्यांच्या हालचालीवर फायदा मिळवायचा, आणि असे थर रचत जायचे, एवढंच पाहतात. प्रवेश फी घ्यायलाही बंदी आहे. म्हणूनच आता कुणी "जॉइनिंग फी" म्हणत नाही. जॉइनिंग फुकट असतं, फक्त १५ हजारांचं पॅकेज घ्यावं लागतं!

अमेरिकेचंही अर्धंच सांगितलंत. १९७९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमवेला पिरॅमिड ठरवलं नाही, बरोबर. पण का? कारण कंपनीच्या नियमात होतं की घेतलेल्या मालातला ७० टक्के विकल्याशिवाय बोनस नाही, दर महिन्याला दहा वेगवेगळ्या बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकल्याचं दाखवलं पाहिजे, आणि सोडणाऱ्याचा माल परत घेतला पाहिजे. म्हणजे माल शेवटी चेनच्या बाहेर गेला का, यावर निकाल फिरला. आपल्याकडे त्याच कंपनीच्या योजनेबद्दल २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने उलट मत दिलं आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवरच्या १९७८ च्या बंदी कायद्याकडे बोट दाखवलं. तेव्हा "कधीच मिटलाय" वगैरे काही नाही.

नीलाताई, भाच्याकडून त्याचं स्टेटमेंट मिळवा. आणि त्याला एवढंच विचारा: मागच्या महिन्यात जे डबे गेले, ते घेणाऱ्यांपैकी किती जणांकडे कंपनीचा आयडी नंबर नाही?

नीला_कोपरखैरणे
विचारलं. म्हणाला, "मावशी, सगळेच आधी युजर असतात, मग बिझनेस करतात." हा तर पाठ केलेला वाटला.

पण तुमच्या सगळ्यांच्या बोलण्याने माझं डोकं चाललं आणि रात्री त्याच्याच वहीतलं झाड मी पुढे काढलं. त्याने तीनच ओळी काढल्या होत्या, मी दहा ओळींपर्यंत नेलं. अगदी त्यांना हवं तसं, एकही जागा रिकामी नाही, प्रत्येकाखाली दोघं.

दहा ओळींत १,०२३ माणसं बसतात. एका जोडीला हजार, म्हणजे १५ हजार परत यायला १५ जोड्या हव्यात, डावीकडे १५ आणि उजवीकडे १५. खाली तीस माणसं. मजा बघा, २ अधिक ४ अधिक ८ अधिक १६ बरोबर तीस! म्हणजे आपल्या खाली पूर्ण चार ओळी भरल्या तरच आपले स्वतःचे पैसे सुटतात. मग सगळ्यात खालच्या चार ओळीतले सगळेच तोट्यात. ते किती? ५१२, २५६, १२८, ६४. एकूण ९६०. सुटलेले ६३, आणि त्यातलेही तळचे ३२ फक्त बरोबरीत.

मला वाटलं, झाड लहान आहे म्हणून असं होत असेल. म्हणून वीस ओळींचं करून पाहिलं, दहा लाखांवर माणसं. तरी तेच, सोळातले पंधरा खालच्या चार ओळींत. झाड कितीही वाढवा, प्रमाण हलत नाही. शाळेत भूमिती श्रेढी शिकवून शिकवून निवृत्त झाले, आणि ती माझ्याच बहिणीच्या घरात घुसली.

टवाळ_ठाणेकर
बाई, एक तास जास्त घेतलात तरी चालेल. मागच्या बाकावरून बघतोय, कळतंय.

पॉझिटिव्ह_प्रसाद
गणित कागदावर ठीक आहे. पण सगळे सारखी मेहनत करत नाहीत. जो काम करतो तो वर जातो. दुकान टाकलेल्यातलेही बरेच जण बुडतातच ना?

कागदपत्रे
बुडतात. पण दुकान बुडतं ते गिऱ्हाईक आलं नाही म्हणून. समोरचा दुकानदार कमावतोय तो तुम्ही बुडालात म्हणून नाही. नीलाताईंच्या झाडात ६३ जणांना जे मिळतं ते त्या ९६० जणांच्या पंधरा-पंधरा हजारांतूनच येतं, कारण बाहेरून पैसा येण्याला दारच नाही. मेहनत केली तर कोण ६३ मध्ये बसेल ते बदलेल. ६३ चे १०० होणार नाहीत.

आणि ताई, तुमचं गणित अजून मवाळ आहे. प्रत्यक्षात झाड असं भरत नाही. एक लेग, म्हणजे झाडाची एक बाजू, लांब वाढते, कारण वरचा त्याच बाजूला माणसं टाकतो आणि "स्पिल ओव्हर मिळाला" म्हणून पोरगं खूश होतं. पण जोडी कमकुवत बाजूनेच मोजतात. डावीकडे चाळीस आणि उजवीकडे दोन असतील तर जोड्या दोनच. त्यातून टीडीएस, वर दहा टक्के "अ‍ॅडमिन चार्ज". हजाराचे हातात ८८० येतात. म्हणजे १५ नव्हे, १८ जोड्या लागतात. आणि दर महिन्याला ठरावीक खरेदी केली नाही तर आयडी इनअ‍ॅक्टिव्ह, साठलेल्या जोड्या फ्लश. ही ओळ प्लॅनच्या पीडीएफमध्ये शेवटच्या पानावर असते.

माजी_सिल्व्हर
मी सहसा लिहीत नाही या विषयावर. कळव्यात राहतो, २०१७ ते २०१९ होतो एका कंपनीत. सिल्व्हर झालो होतो, पिन पण मिळाली, स्टेजवर बायकोसकट हार.

आत असताना हे गणित कुणी दाखवलं असतं तर मी ऐकलं नसतं. कारण तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात, घरचे विरोध करतील, निगेटिव्ह लोकांना टाळा. त्यामुळे कुणी शहाणपणाचं बोललं की आपल्याला वाटतं, अरे, सरांनी सांगितलं होतं तस्संच झालं. म्हणून ताई, झाड दाखवू नका त्याला. त्याच्या बोटांनी त्याचाच हिशोब लिहायला लावा. रेल्वेचा पास, हॉलचं तिकीट, कपडे, प्लॅन दाखवताना पाजलेले चहा, सगळं.

माझं उघडं पडलं ते दिवाळीच्या साफसफाईत. दिवाणाखाली नऊ डबे निघाले. सील न फोडलेले, पाच एक्स्पायर झालेले. दर महिन्याला अ‍ॅक्टिव्ह राहायला घेत होतो आणि बायकोला सांगत होतो की विकले. स्टेटमेंटमध्ये तो माल "सेल" म्हणूनच दिसायचा. विकणारा मी, घेणारा मी.

पैशाचं दुःख नाही एवढं. माझ्या खाली चुलत भाऊ होता. अजून लग्नकार्यात समोर आला की बाजूने जातो.

गोडाऊनवाला
भाऊ, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्यात याला "पाइपलाइन भरणं" म्हणतात. वर्षअखेरीला कंपनीचा ऑफिसर टार्गेटसाठी माझ्या गोडाऊनमध्ये माल कोंबतो, तिच्या वहीत विक्री झाली, माल मात्र माझ्याकडे पडून. तेव्हा आमचा धंदाही काही धुतल्या तांदळासारखा नाही. फरक इतकाच की मी दोन महिने उचल थांबवली तर माझं गोडाऊन रिकामं होतं, कारण दुकानातून माल उठतो. तुमचा दिवाण रिकामा होत नव्हता.

नीलाताई, त्या प्रोटीनच्या डब्याची किंमत काय? आणि तेच मेडिकलमध्ये कितीला आहे, बघा जरा.

नीला_कोपरखैरणे
पाहिलं. पाचशे ग्रॅमचा डबा, एमआरपी २,४००, मेंबरला १,८००. सेक्टरमधल्या मेडिकलवाल्याला लेबल दाखवलं, त्याने जवळपास तेच घटक असलेला दुसरा डबा काढून दिला, साडेसातशेला. त्याला विचारलं, हा २,४०० वाला ठेवाल का दुकानात? तो हसला. म्हणाला, "मॅडम, हा डबा दुकानात कुणी मागत नाही. हा घरी येतो."

सुलभा_कळवा
आमच्याकडे पण आला होता एक मुलगा घरी, डब्याची बॅग घेऊन. आयडी कार्ड मागितलं तर म्हणाला फोनमध्ये आहे.

कागदपत्रे
कार्डाशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी यायचं नाही, हेही त्याच नियमांत आहे. पुढच्या वेळी सांगा त्याला.

माजी_सिल्व्हर
कागदपत्रे साहेब, एक विचारायचं होतं. ज्यांना मी आणलं, त्यांनी तक्रार केली तर माझ्यावर पण येऊ शकतं का? मी पण फसलेलाच होतो.

कागदपत्रे
खोटा धीर देणार नाही. १९७८ चा बंदी कायदा योजना चालवणाऱ्यापुरता थांबत नाही. प्रसार करणं, सदस्य होणं, भाग घेणं, सगळ्यालाच मनाई आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पोलीस सहसा मोठ्या लीडरपर्यंतच जातात, पण ज्याच्या खात्यात खालच्यांकडून थेट पैसे आले, त्याला नोटीस आलेली मी पाहिली आहे. वकिलाशी बोला. भाच्यालाही हेच सांगा ताई: यापुढे कुणाचे पैसे स्वतःच्या गूगल पे वर घेऊ नकोस.

पॉझिटिव्ह_प्रसाद
आमच्याकडे रिटेल कस्टमरची वेगळी नोंद असते आणि तीस दिवसांत माल परत घेतात. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

कागदपत्रे
मग तुमच्याच नोंदी काढा. तुमच्या गेल्या बारा महिन्यांच्या कमिशनपैकी आयडी नसलेल्या गिऱ्हाइकांच्या खरेदीवर किती आलं? निम्म्याच्या वर असेल तर मी इथेच शब्द मागे घेतो.

पॉझिटिव्ह_प्रसाद
बघून सांगतो.

नीला_कोपरखैरणे
तीन आठवड्यांनी येते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

माजी_सिल्व्हर यांनी सांगितलं तसंच केलं. झाड दाखवलं नाही. त्याला म्हटलं, तू धंदा करतोस ना, मग धंद्याची वही लिहू या. मीच दोनशे पानी आणून दिली. पॅकेज १५ हजार, तीन महिन्यांची रिपर्चेस दीड हजाराने साडेचार हजार, हॉलची तिकिटं, गाडीभाडं, टाय. दुसऱ्या बाजूला: डावीकडे पाच, उजवीकडे दोन, जोड्या दोन, हातात १,७६०. त्याच्या खालच्या सात जणांनी मिळून भरले १ लाख ५ हजार. हा आकडा त्याने स्वतः लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

मग मी विचारलं, आयडी नसलेली गिऱ्हाइकं किती? दोन. एक त्याची आई.

परत करायचं म्हणून करारपत्र शोधलं, तर त्याच्याकडे लेखी काही नव्हतंच, अ‍ॅपवर "आय अ‍ॅग्री" दाबलं होतं. लेखी करार नियमाने बंधनकारक आहे असं कागदपत्रे यांनी व्यनितून कळवलं, त्याप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला आणि न उघडलेला माल परत घ्या म्हटलं. उत्तर आलं, सील न फोडलेल्या मालाचे "प्रोसेसिंग" कापून देऊ, सूटपीस आणि उघडलेला डबा नाही. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगात जावं का, यावर दोन मतं मिळाली. एक वकील म्हणाले, तो ग्राहकच नाही, त्याने धंद्यासाठी माल घेतला. दुसरे म्हणाले, पोटापाण्यासाठी स्वतः करणारा ग्राहकच धरतात. इथे कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर लिहा.

कागदपत्रे
दोन्ही बाजू लढता येतात, निकाल योजनेच्या कागदांवर अवलंबून राहील. पण कंपनीचा तो ईमेल जपून ठेवा. "उघडलेला माल नाही" म्हणताना त्यांनी न उघडलेल्याची जबाबदारी मान्य केली आहे.

गोडाऊनवाला
त्याला काम हवं असेल तर पाठवा माझ्याकडे. सेल्समन हवाय, सावरकरनगर-लोकमान्यनगर बीटसाठी. पगार १६ हजार अधिक इन्सेंटिव्ह. टाय लागत नाही, पायात बूट चांगले हवेत.

नीला_कोपरखैरणे
सांगते त्याला. सध्या तो स्वतः आणलेल्या चौघांच्या घरी जातो आहे. तिघांना भेटला, त्यातल्या एकाच्या वडिलांनी दारातूनच हाकललं. चौथा त्याच्या जुन्या ऑफिसातला टीम लीडर, तो फोन उचलत नाही. तो आता नेरूळच्या हॉलमध्ये प्लॅन दाखवतो म्हणे.

टवाळ_ठाणेकर
प्रसादराव, ते बारा महिन्यांचं बघून सांगणार होतात.